तीन पिवळ्या लाद्या

आईच्या खोलीची जमीन तडकली, तेव्हा नव्या लाद्या बसविण्याचे आम्ही ठरविले. खोली ११ फूट ४ इंच लांब, ९ फूट ४ इंच रुंद. लादी २ फूट चौरस. सुमारे १०६ चौरस फुटांस ४ ने भागून २७ लाद्या आल्या. मोडतोडीची एक धरून आम्ही २८ आणविल्या.

गवंड्याने मात्र दोरी धरून ओळी मोजल्या. लांबीत ५ अखंड लाद्या बसून १६ इंच उरत होते, रुंदीत ४ बसून तितकेच. २४ इंचांच्या लादीतून १६ इंचांचा तुकडा काढला की राहिलेला ८ इंचांचा वाया जातो. दोन जोडावे, तर मध्येच सांधा दिसतो. म्हणजे ६ लाद्यांच्या ५ ओळी, एकूण ३०. कापताना फुटतील त्या निराळ्या. आमचा भागाकार बरोबर होता. उरलेले तुकडे कामी येतील, हे गृहीत खोटे होते.

एक लादी फुटलीही. मागाहून आणलेल्या ३ लाद्या दुसऱ्या भट्टीच्या, किंचित पिवळ्या निघाल्या. त्या आम्ही आईच्या खाटेखाली बसविल्या. परवा झाडताना खाट सरकविली, तेव्हा आई म्हणाली, "अरे, आधी ओळी मोजायच्या होत्या!"