पायरी कोणती मोडली?

आमच्या भतीजीने खोलीच्या भिंतीवर सुविचारांचे कागद चिकटवले होते. 'अपयश ही यशाची पहिली पायरी', 'सब्र का फल मीठा होता है', 'हिम्मत-ए-मर्दां, मदद-ए-खुदा'. रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या नाशकातल्या भावाच्या घरी गेलो, तर भिंत कोरी होती. विचारले तेव्हा ती म्हणाली, "फुप्पी, अकरा ठिकाणांहून नकार आला. अकरा पायऱ्या चढून माणूस माळ्यावर तरी पोहोचतो."

आम्ही हसलो, पण उत्तर सुचले नाही. वीस वर्षे वर्गात हेच सुविचार फळ्यावर लिहीत आलो आहोत. अखेर म्हणालो, "ते अकरा नकार कागदावर मांड. कुठे, कधी आणि काय कारण सांगितले, तेवढेच लिही."

कागद भरला आणि अकरा नकारांचे दोन ढीग झाले. तीन शाळांनी पाठ घ्यायला लावून नंतर कळवले नव्हते. उरलेल्या आठ ठिकाणी पाठापर्यंत गोष्ट गेलीच नव्हती, कारण ती टीईटी पास नव्हती. पहिली ते आठवीच्या शिक्षकाला ही परीक्षा लागते. म्हणजे आठ वेळा नापसंत झाली असे तिला वाटत होते, पण अडली होती ती एकाच दारात.

मग टीईटीचे गुणपत्रक काढले. 150 पैकी 84. खुल्या प्रवर्गाला 60 टक्के, म्हणजे 90 गुण लागतात. सहा गुण कमी. त्यातही तिने नऊ प्रश्न कोरे सोडले होते, कारण चुकीच्या उत्तराला गुण कापतात असा तिचा समज. या परीक्षेत गुण कापत नाहीत. अर्थात चार पर्यायांतून अंदाजाने नऊ उत्तरे दिली, तर साधारण दोन बरोबर येतात. तेवढ्याने 84 चे 90 झाले नसते. खोटा दिलासा आम्ही दिला नाही.

खरी चूक पुढच्या ओळीत होती. प्रवर्ग : खुला. आम्ही बागवान. महाराष्ट्रात बागवान इतर मागासवर्गात येतात आणि त्या प्रवर्गाला 55 टक्के, म्हणजे 82.5 गुण पुरतात. तिचे 84 होते! भावाने जातीचा दाखला कधी काढलाच नव्हता. म्हणे, "मुसलमानाला कसली जात?" आणि आम्ही, घरातल्या एकमेव शिक्षिका, मुलीचा फॉर्म एकदाही पाहिला नव्हता. आमच्या नोकरीच्या वेळी टीईटी नव्हती, ही सबब आम्हाला स्वतःलाच पटली नाही.

दाखला काढणेही सोपे गेले नाही. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. अब्बांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' होते. बऱ्याच घरांची गाडी इथेच अडते. आमच्या नशिबाने बडे अब्बांच्या 1954 च्या दाखल्यावर 'मुसलमान बागवान' असे स्पष्ट लिहिलेले निघाले. ते अब्बांचे सख्खे भाऊ, म्हणून वंशावळ जोडून अर्ज सेवा केंद्रातून प्रांत कार्यालयाकडे गेला. सोबत नॉन-क्रीमीलेअरचा अर्जही केला.

जुने 84 गुण मात्र वाया गेले. फॉर्म खुल्या प्रवर्गातून भरला होता, म्हणून परीक्षा पुन्हा द्यावी लागणार. शिवाय टीईटी पास झाली म्हणजे नोकरी लागली असे नाही. सरकारी भरतीसाठी टेट ही वेगळी परीक्षा आहे, आणि तिथे स्पर्धा गुणानुक्रमाची. दाखल्यामुळे एक दार उघडेल, पुढचे आपोआप उघडणार नाही.

राहिले ते तीन पाठ. त्यातला एक तिने आमच्यासमोर घेतला. विषय चांगला येत होता, पण वीस मिनिटांत तिने मुलांना एकही प्रश्न विचारला नाही. आता दर रविवारी आमच्या घरी शेजारची चार मुले बसवून ती पाठ घेते आणि आम्ही मागे बसून तिचे प्रश्न मोजतो.

सुविचार खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही. सब्र हवाच. पण चुकलेला फॉर्म तसाच पुन्हा भरणे याला सब्र म्हणत नाहीत. आपल्या बुजुर्गांनी उंट आधी बांधायला सांगितले आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायला. आम्ही दुआ करत राहिलो आणि दोरी घरातल्या पेटीत पडून होती.

भिंतीवर आता एकच कागद आहे, तिच्याच अक्षरात : 'या वेळी कोणती पायरी मोडली?' त्याखाली तारखा आहेत. शेवटच्या तारखेपुढची जागा अजून कोरी आहे.