जामीनदार

बँकेची नोकरी सोडायची आहे, हे मी घरी पहिल्यांदा बोललो ते जेवताना. आईचा भाकरी थापणारा हात थांबला नाही. अण्णांचा घास मात्र हातातच राहिला. मग त्यांनी विचारलं, "कुणी काही बोललं काय तुला?" साहेब वाईट असेल तर बदली मागता येते, एवढं त्यांना ठाऊक होतं. नोकरीच वाईट असते, हे त्यांच्या हिशेबात कुठे बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट मुरगूडभर झाली. आत्ती आली, चुलते आले. हमीदवाड्याहून मामा मोटारसायकलवर आला आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाला, "येड लागलंय व्हय तुला? पोरं दहा-दहा वर्सं परीक्षा द्याय लागल्यात, आन् तू लागल्याली सोडाय निघालाईस."

घरापासून दोनशे किलोमीटरवरच्या एका शाखेत मी अधिकारी होतो. पीककर्ज नवं-जुनं करायला आलेल्या शेतकऱ्याच्या गळ्यात विम्याची पॉलिसी मारायची, हे आमचं रोजचं काम. कागदावर ती ऐच्छिक असे. संध्याकाळी आठला व्हिडिओवर बैठक. तिथे ज्या शाखेचा आकडा शून्य, तिच्या मॅनेजरला सगळ्यांदेखत उभं केल्यासारखं बोलायचं. एकदा उसाचं बिल जमा झालेल्या एका म्हाताऱ्याला मी पाच वर्षं हप्ते भरायची पॉलिसी दिली. त्याचं वय सत्तरच्या पुढं होतं, म्हणून ती मुलाच्या नावावर घेतली. सही करताना त्यानं विचारलं, "सायेब, ह्यात माझं काय चुकत न्हाई न्हवं?" त्या रात्रीपासून माझी झोप तीनला मोडायला लागली.

पण झोप मोडते म्हणून नोकरी सोडतो, असं म्हणणारा माणूस आमच्याकडे आळशी ठरतो. मलाही स्वतःबद्दल तीच शंका होती. म्हणून तीन महिने मी एका वहीत झोप कधी मोडली ते लिहून ठेवलं. गणपतीला आठ दिवस रजेवर आलो, तेव्हा सलग सहा रात्री पहाटेपर्यंत झोपलो. सातव्या रात्री, म्हणजे हजर व्हायच्या आदल्या रात्री, पुन्हा तीन. दवाखान्यात रक्तदाब १५० वर १०० निघाला आणि गोळी चालू झाली. वही दाखवली तेव्हा आत्ती म्हणाली, "बीपी कुणाला न्हाई आता?" कावीळ झाली असती तर हीच माणसं शहाळी घेऊन आली असती.

अण्णांचं म्हणणं मात्र मला टाळता येत नव्हतं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, आणि त्यांच्या आयुष्यात नोकरी म्हणजे निवृत्तिवेतन. आमच्या भागात ही ओढ जुनी आहे. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी करवीर संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९१८ ला त्यांनी कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. तेव्हापासून गावात पगाराचा माणूस म्हणजे घराणं वर आलं, असा अर्थ झाला. ज्यांच्या बापजाद्यांना कचेरीच्या पायरीवर उभं केलं जाई, त्यांना नातवानं आपल्या पायानं खुर्चीवरून उतरणं कसं पटावं?

एका रात्री मी अण्णांचं पासबुक आणि माझं स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवलं. राज्य सरकारात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हे त्यांना माहीत होतं. मार्च २०२३ च्या संपावेळी ते मोर्चाला जाऊनही आले होते. पण बँकेतही १ एप्रिल २०१० पासून लागलेल्यांना एनपीएसच आहे, आणि मी २०१२ चा, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. जुन्या पेन्शनीत मधेच राजीनामा दिला की मागची सगळी सेवा पाण्यात जाते. म्हणूनच ते घाबरत होते, आणि त्यांच्या काळापुरतं ते बरोबरच होतं. माझं तसं नव्हतं. एनपीएसचं खातं माझ्या नावावरच राहणार आणि कुठंही गेलो तरी चालू ठेवता येणार. ग्रॅच्युइटी पाच वर्षांनंतर मिळतेच. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ७८,००० रुपये. त्याला २६ नं भागून १५ नं गुणलं की ४५,००० येतात. अकरा वर्षांचे झाले ४,९५,०००. अण्णांनी हे स्वतः पेन्सिलीनं पुन्हा करून पाहिलं.

"मग जायचं काय?" त्यांनी विचारलं.

जायचं होतं ते दुसरंच. घराचं कर्ज स्टाफच्या सवलतीच्या दरानं होतं. राजीनामा दिला की ते एक तर फेडायचं, नाही तर बाहेरच्या दराला न्यायचं. चौदा लाख बाकी आणि पंधरा वर्षं. नऊ टक्क्यांनी हप्ता १४,२०० च्या आसपास जात होता. आधी तो साडेनऊ हजार होता. इथं नातेवाईक बरोबर होते आणि मी हे आधी मोजलंच नव्हतं. त्या हिशेबापायी माझा राजीनामा पाच महिने पुढं गेला.

मामाचं मात्र काहीतरी वेगळं चाललं होतं. तो लोक काय म्हणतील ते बोले, माझ्या बहिणीच्या लग्नाचं बोले, पण नजर द्यायचा नाही. शेवटी मामीनं आईला सांगितलं. ट्रॅक्टरसाठी पतसंस्थेतून काढलेल्या कर्जाला मी जामीनदार होतो. सही केल्याचं मीही विसरलो होतो. पतसंस्थेला जामीनदार म्हणून पगारदारच का लागतो, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही सांगता येईल. कर्जदार थकला की संस्था १०१ चा दाखला काढते, आणि जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. शेत विकायला वर्षं जातात, पण पगारातून हप्ता कापून घेता येतो. माझी पगाराची पावती गेली तर संस्था मामाला दुसरा जामीनदार आण म्हणाली असती, आणि तो कुठून आणायचा, ही त्याची झोप मोडणारी गोष्ट होती. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. मला एवढंच वाटलं, की हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर त्याच दिवशी दोघांनी मिळून काहीतरी काढलं असतं.

जामिनातून एकट्यानं अर्ज देऊन बाहेर पडता येत नाही. संस्थेनं बदली जामीनदार मान्य करावा लागतो. त्यात दोन महिने गेले. मामाच्या जावयानं सही दिली. तो शिक्षक, कायम. मग मी तीन महिन्यांची नोटीस दिली. त्या तीन महिन्यांत आत्ती एकदाही घरी आली नाही.

आता मी गावातल्या दुकानदारांचे जीएसटीचे आणि हिशेबाचे कागद बघतो. महिन्याला तीस हजारांच्या आत-बाहेर पडतात, त्यातले अर्धे हप्त्यात जातात. गोळी चालूच आहे, पण निम्मी झाली. झोप बरी लागते. अण्णा मला अजून विचारतात, परत घेतील काय रे?

परवा मामाचा जावई माझ्याकडे आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं दार ओढून घेतलं आणि म्हणाला, "पाव्हणं, मला शाळा सोडायचीय." मामाला अजून सांगितलेलं नाही.