पुलियाचा रस्ता

माझं घर गोंदियात रुळांच्या उत्तरेला, बालाघाट रस्त्याच्या बाजूला, आणि ऑफिस दक्षिणेला, आमगाव रस्त्यावर. मुंबई-हावडा लोहमार्ग मधूनच गेल्यामुळे कुठेतरी रूळ ओलांडणं आलंच. सरळ वाट उड्डाणपुलावरून जयस्तंभ चौकाकडे जाते. पण पुलाच्या चढावर सायकल पायी चालण्याच्या वेगावर येते, हँडल डुलायला लागतं आणि नेमका तेव्हाच मागचा धानाच्या पोत्यांचा ट्रक गिअर न बदलता चढ काढायच्या घाईत असतो. त्याला जागा द्यावी तर बाजूला कठडा. उतारावर उलटा प्रकार: सायकलला वेग आलेला आणि पुढ्यात गर्दीचा चौक.

म्हणून मी रुळाखालच्या पुलियातून जातो. तिथून वस्तीतल्या गल्ल्या आणि मग धानाच्या बांध्यांमधला गावरस्ता. अंतर दीडेक किलोमीटरने वाढतं. असा रस्ता रविवारी पाहून काही कळत नाही. ऑफिसच्या वेळेलाच पाहावा लागतो, कारण शाळेच्या ऑटो तेव्हाच गल्लीत शिरतात.

आमगाव रस्त्याला कुठे लागायचं, हे ठरवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. काही ठिकाणी साइडपट्टी नावालाच आहे. पावसाने मुरूम वाहून गेला की डांबराची कड चार बोटं उंच उरते. चाक एकदा खाली उतरलं आणि तिरकं वर घ्यायला गेलं की पुढचं चाक कडेला घासत राहतं, वर चढत नाही. तोल जातो तो रस्त्याच्या बाजूला, म्हणजे गाड्यांच्या पुढ्यात. खाली उतरलो तर तसंच थांबायचं आणि सायकल उचलून वर घ्यायची. मी गावरस्त्याने तो तुकडा पार करूनच डांबरी रस्त्याला लागतो. उजवीकडे वळायचं असलं तर वाहतुकीच्या मधे जाऊन उभा राहत नाही. डाव्या कडेने थोडा पुढे जातो, उतरतो आणि दोन्हीकडे मोकळं दिसलं की सायकल हातात धरून आडवा जातो.

रोवणीच्या दिवसांत मात्र या वाटेचा भरवसा नाही. चिखलणी करून ट्रॅक्टर बांधीतून बाहेर पडले की त्यांच्या चाकांचा चिकण गाळ रस्त्यावर पसरतो. वाळला की त्याच्या ढिपळ्या नुसत्या हादरवतात. पण वरून बारीक सर आली की ब्रेक लावताच मागचं चाक सरकतं. अशा वेळी वळणाच्या आधीच वेग कमी करायचा आणि वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. आमचा सायकलवाला सांगतो, "भाऊ, पावसाळ्यात टायरमध्ये हवा थोडी कमीच ठेवत जा."

पुलियात पाणी साचतं ती गोष्ट निराळी. पाणी चाकाच्या तुंब्यापर्यंत आलं की खालचे खड्डे दिसत नाहीत, बेअरिंगमधलं ग्रीसही जातं. त्या दिवशी सायकल घरी ठेवून मी ऑटोत बसतो. ऑटो अर्थात उड्डाणपुलावरूनच नेतो.