दूध बंद केलं, तरी पोट फुगतच राहिलं

आमच्या बुऱ्हाणपूरला पाहुणा आला की दोन गोष्टी ठरलेल्या. एक मावा जिलेबी आणि दुसरा दराबा. माझ्या मुलीचा आजार आम्हाला कळला तो या दोन गोड पदार्थांमुळे, पण मधे दीड वर्ष वाया गेलं.

सुरुवात जिलेबीपासून झाली. लेक तेव्हा अकरा वर्षांची. मावा जिलेबी खाल्ली की तासा-दीड तासात तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, कळा यायच्या आणि मग पातळ जुलाब. दुधाचा ग्लास घेतला तरी तेच. घरात कोणालाच आश्चर्य वाटलं नाही, कारण तिच्या बाबांचंही अगदी असंच आहे. सासूबाई म्हणाल्या, "बापावर गेलीय, दुसरं काय!" ओळखीच्या डॉक्टरांनीही पोट दाबून पाहिलं, बाबांची हकीकत ऐकली आणि दूध बंद करायला सांगितलं. आम्ही केलं.

यांचा त्रास मला चांगला माहीत होता. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते आणि ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं पाचक द्रव्य लागतं. आपल्यापैकी पुष्कळांमध्ये बालपण सरलं की ते हळूहळू कमी होतं. मग न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू तिच्यापासून वायू तयार करतात आणि ती पाणीही ओढून घेते. म्हणून पोट फुगतं आणि जुलाब होतात.

यात हिशेब असतो तो प्रमाणाचा. मोठ्या ग्लासभर दुधात साधारण दहा ग्रॅम लॅक्टोज असतं, चहातल्या दुधात दोन-अडीच ग्रॅम. त्यामुळे यांना चहा चालतो, ग्लासभर दूध चालत नाही. दही चालतं, कारण विरजणाचे जंतू थोडी साखर आधीच संपवतात आणि उरलेली फोडायलाही मदत करतात. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. मावा मात्र सगळ्यात वाईट. पाच लिटर दूध आटवून किलोभर मावा होतो. पाणी उडून जातं आणि साखर सगळी त्यातच राहते. शंभर ग्रॅम माव्यात दोन ग्लास दुधाइतकं लॅक्टोज सहज असतं. हे एवढं सोडलं, तर माणूस ठणठणीत. वजन नीट, अंगात रक्त नीट, दूध टाळलं की आठवड्याभरात पोट शांत.

लेकीचं तसं झालं नाही. दूध बंद केल्यावर फुगणं निम्म्यावर आलं आणि आम्ही समाधान मानलं. पण उरलेल्या निम्म्याकडे मी पाहिलंच नाही. तिच्या तोंडात सारखे छाले यायचे. शाळेतून आली की दप्तर टाकून झोपायची. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. लोहाच्या गोळ्या चार महिने दिल्या, तरी ते नऊच्या पुढे सरकेना. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर आम्ही दर वाढदिवसाला पेन्सिलीने तिची उंची मांडतो. बाराव्या वाढदिवसाची रेघ अकराव्याच्या इतकी जवळ आली की मी ती आधी चुकीचीच समजले आणि पुन्हा मोजली.

त्याच सुमारास घरात लग्न होतं. तिथे जिलेबी तिने हातात धरली नाही, शहाण्यासारखा दराबाच खाल्ला, तोही भरपूर. दराबा म्हणजे रवा, साखर आणि तूप. त्यात दूध नाही, मावा नाही. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पोट तसंच फुगलं, तशाच कळा आल्या. सासूबाई म्हणाल्या, तूप जड पडलं असेल. पण घरचं तूप ती रोज खाते. मग उरला तो रवा, म्हणजे गहू. आणि गहू तर तिच्या ताटात दोन्ही वेळा होता.

इंदूरला पोटाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की पोळी आजच बंद करायची. बरं झालं, आधी विचारलं. त्या म्हणाल्या, "मुळीच नको. गहू बंद केला तर रक्ताची तपासणी खोटीच नीट येईल." म्हणून पोळ्या चालू ठेवूनच रक्त दिलं. टीटीजी नावाची ती तपासणी खूप जास्त आली. मग दुर्बिणीने लहान आतड्याचा तुकडा काढून पाहिला आणि नाव कळलं, सीलिअॅक. गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं. जवातही तेच असतं.

मी विचारलं, मग दुधाचा त्रास खोटा होता का? नाही, तोही खरा होता. डॉक्टरांनी कागदावर आतड्याचं अस्तर काढून दाखवलं. मखमलीसारखे बारीक उंचवटे आणि लॅक्टेज असतं त्यांच्या अगदी टोकांवर. गव्हाने ते उंचवटे झिजले की आधी टोकं जातात, म्हणून पहिली तक्रार दुधाची येते. लोह घेण्याची ताकदही त्याच भागात, म्हणून गोळ्या लागत नव्हत्या. लॅक्टोजचं पाणी पाजून श्वासातला हायड्रोजन मोजायची एक तपासणी असते. ती आम्ही आधी केली असती, तरी तिने दुधाकडेच बोट दाखवलं असतं. दूध पचत नाही एवढंच ती सांगते, का पचत नाही ते सांगत नाही. जिआर्डियासारखा परजीवीही हेच करतो, म्हणून तिची शौचाची तपासणीही झाली. आणि काहींचं आतडं नुसतंच हळवं असतं. त्यांना शौचाला जाऊन आलं की बरं वाटतं, पण त्यात रक्त कमी होत नाही आणि उंची थांबत नाही. डॉक्टरांनी मला सगळ्यात आधी हेच दोन प्रश्न विचारले होते.

गहू सोडणं आमच्या भागात वाटतं तितकं अवघड नाही. माझी आजी ज्वारीच्या आणि कळण्याच्या भाकरीवरच वाढली. पोळी म्हणजे सणाची गोष्ट. अडचण निघाली ती भलतीकडेच. गिरणीत आधी गव्हाचं दळण झालेलं असतं आणि ते पीठ आपल्या ज्वारीत उतरतं. दोन महिने पथ्य पाळूनही तिला बरं वाटेना, तेव्हा हे लक्षात आलं. मग घरगुती चक्की घेतली आणि तिच्यात गहू घालायचा नाही असा नियम केला. दुसरा चोर म्हणजे हिंगाची डबी. बाजारच्या बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. आता डबीवरचं बारीक अक्षर सासूबाई भिंग लावून वाचतात आणि दुकानदाराशी वाद घालतात.

सात महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६ झालं. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून दूध परत सुरू केलं. आधी जेवणाबरोबर पाव कप, आठवड्याने अर्धा. एक दिवस तिने पूर्ण ग्लास प्यायला. मी तीन तास तिच्या मागे मागे फिरत होते. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "आई, काही होत नाहीये, तू झोप."

यांना अजूनही ग्लासभर दूध चालत नाही. गेल्या महिन्यात लेकीच्या हट्टावरून घरीच मावा जिलेबी केली, मैद्याऐवजी आरारूट घालून. लेकीने दोन खाल्ल्या. यांनी एकच खाल्ली आणि रात्रभर कुशी बदलत राहिले.