दोन खांबांच्या मधला अंधार

पुण्याच्या एका उपनगरातल्या रुग्णालयातून मला फोन आला. "मॅडम, आमच्या पार्किंगमध्ये फार अंधार आहे. आणखी चार फ्लडलाइट कुठे बसवायचे, तेवढं येऊन सांगा." मी रात्री दहाला येते असं म्हणाले. पार्किंगचा प्रकाश दिवसा नकाशावर कळत नाही, तिथे रात्रीच उभं राहावं लागतं.

जागा ९० मीटर लांब आणि ३२ मीटर रुंद होती. एका लांब भिंतीला लागून सहा-सहा मीटर उंचीचे चार खांब, दोन खांबांत ३० मीटरचं अंतर. प्रत्येकावर २०० वॅटचे दोन एलईडी फ्लडलाइट, प्रकाश समोरच्या टोकापर्यंत पोचावा म्हणून चांगलेच वर तोंड करून बसवलेले. गेटवरचे वॉचमनकाका कपाळावर आडवा हात धरून माझ्याकडे बघत होते, तेव्हाच दुखणं कुठे आहे ते मला कळलं.

लक्समीटर जमिनीवर ठेवून दर तीन मीटरवर मोजत गेले. खांबाखाली ६२ लक्स भरले, दोन खांबांच्या मधे पलीकडच्या रांगेत जेमतेम दीड. सगळ्या नोंदींची सरासरी १८ आली. अशा मध्यम वर्दळीच्या पार्किंगला युरोपीय मानक सरासरी १० लक्स मागतं. म्हणजे प्रकाश कमी नव्हताच, जवळजवळ दुप्पट होता! पण तेच मानक आणखी एक गोष्ट मागतं: सर्वांत कमी प्रकाशाच्या जागी सरासरीच्या निदान पाव भाग तरी प्रकाश हवा. याला आम्ही एकसमानतेचं गुणोत्तर म्हणतो. इथे ते दीड भागिले १८, म्हणजे ०.०८ होतं.

पौर्णिमेचं चांदणं जमिनीवर पाव लक्सच्या आसपास भरतं. तरी कोजागरीला गच्चीवर आपण एकमेकांचे चेहरे ओळखतो, पायरी चुकत नाही. चांदणं सगळीकडे सारखं पडतं, त्यामुळे डोळा एकदा त्याला सरावला की सरावलेला राहतो. ६२ लक्समधून दीड लक्समध्ये पाऊल टाकलं की मात्र डोळा मागे राहतो, आणि तो सावरेपर्यंतचे काही क्षण माणसाला अंधारात असल्यासारखंच वाटतं. तिथे आणखी चार फ्लडलाइट लावले असते तर ६२ चे १०० झाले असते आणि तक्रार वाढली असती.

एवढा फरक पडतो कशामुळे? दिव्यापासून दूर जावं तसा प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो, शिवाय जमिनीवर तिरका पडल्याने आणखी विरळ होतो. सहा मीटरच्या खांबाखाली पडतो त्याच्या विसाव्या हिश्शाइतकाच प्रकाश १५ मीटरवर उरतो. दोन्ही बाजूंचे खांब धरले तरी दहावा. हाच दिवा आठ मीटरवर नेला आणि खांबांमधलं अंतर साडेबावीस मीटर केलं, तर मधोमध एका दिव्याचा पाचवा हिस्सा मिळतो, दोघांचा मिळून दोन पंचमांश. म्हणून उंचीच्या तीनपट, आणि भिंग चांगलं असेल तर फार तर चौपट, एवढंच अंतर मी धरते. इथे ते पाचपट होतं. शेवटचा खांब कडेपासून निम्म्या अंतरावर हवा, हेही बरेचदा विसरलं जातं आणि खांब नेमके कोपऱ्यात उभे राहतात.

आता काकांचा हात. मी त्यांना जिथे उभे होते तिथेच थांबवलं आणि माझ्या मदतनिसाला पलीकडच्या दोन गाड्यांच्या मधे उभं केलं. "काका, तिथे कोणी दिसतंय?" नाही म्हणाले. मग त्यांच्या डोळ्यांसमोर पुठ्ठा असा धरला की फक्त दिवा झाकला जावा. "अरे, तिथे माणूस आहे की!" गाड्यांवरचा प्रकाश तेवढाच होता. दिव्याचा झोत थेट डोळ्यात शिरला की आतल्या आत विखुरतो आणि समोरच्या दृश्यावर धुक्यासारखा पडदा धरतो. वय वाढतं तसा हा पडदा दाट होतो, आणि रुग्णालयात रात्री येणाऱ्यांत म्हातारी माणसं किती असतात! नजरेच्या रेषेपासून दिव्याचा कोन दुप्पट झाला की पडदा एक चतुर्थांशावर येतो, त्यामुळे उंच खांबाचा इथेही फायदा. हा त्रास १० ते ९० च्या मापावर मोजतात. आकडा जितका मोठा, तितकी चमक असह्य. अशा पार्किंगला ५० ही मर्यादा आहे. फ्लडलाइट वर तोंड करून बसवले की ती पाळणं कठीणच.

मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांनी बेडरूमच्या खिडकीला आतून जुन्या कॅलेंडरचे कागद चिकटवले होते. "दोन वर्षं झाली गं, रात्र झाल्यासारखी वाटतच नाही," म्हणाल्या. खिडकीच्या काचेवर मीटर उभा धरला तर १४ लक्स. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या मार्गदर्शनानुसार उपनगरी वस्तीत उशिरा रात्री खिडकीवर दोन लक्सच्या वर प्रकाश जाऊ नये. सभोवार जितका काळोख, तितकी मर्यादा कडक. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. अशा ठिकाणी दिव्याचा एकही किरण क्षितिजाच्या वर जाऊ नये असाच आग्रह धरायचा. उपनगराला थोडी सूट आहे, पण दिवा आडवा, सपाट काच जमिनीकडे करून बसवला तर ती सूट वापरायची वेळच येत नाही.

नवा आराखडा असा केला. गाड्यांची नाकं जिथे समोरासमोर येतात त्या मधल्या रेषेवर आठ मीटरचे चार खांब, प्रत्येकाला दोन बाजूंना एकेक ६० वॅटचा दिवा. खांबाखाली काँक्रीटचा चौथरा, कारण पार्क करताना गाडी आदळतेच. मधोमध असल्याने प्रत्येक दिव्याला फक्त १६ मीटर पुढे प्रकाश टाकायचा होता. आठ दिव्यांचे मिळून सुमारे ६२ हजार ल्युमेन. त्यातले साठ टक्के पार्किंगच्या जमिनीवर पोचतील, आणि धूळ, पावसाळी किडे, दिव्याचं वय यांपायी वीस टक्के घट होईल असं धरलं. २८८० चौरस मीटरला भागलं की दहाच्या थोडं वर येतं. १६०० वॅटच्या जागी ४८० वॅट. रुग्णालयाचे व्यवस्थापक खांबांच्या पायाच्या खर्चावर अडले होते. पुठ्ठ्याचा प्रयोग त्यांच्यावरही केला, मग परवानगी मिळाली.

बसवल्यावर मोजलं तेव्हा दिवे नवे असल्याने सरासरी १३ आली आणि सर्वांत कमी ४, म्हणजे गुणोत्तर ०.३१. आजींच्या खिडकीवर मात्र तीन लक्स राहिले. मागच्या बाजूच्या दोन दिव्यांना कमी लांब फेक असलेलं भिंग बसवलं, तेव्हा ते १.६ वर आले. दिव्यांचा रंगही ६५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्यावरून ३००० च्या पिवळसर उजेडावर आणला. निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो आणि किडेही जास्त ओढतो.

माझं समाधान जमिनीवरच्या आकड्यावर होत नाही. गाड्या उभ्या राहिल्या की त्यांच्यामधल्या फटीत सावली पडते आणि तिथेच लहान मूल वाकून बूट घालत असतं. म्हणून पार्किंग भरलेलं असताना एकदा जाऊन दोन गाड्यांमधे उभी राहते आणि दीड मीटर उंचीवर मीटर उभा धरून बघते, समोरच्याचा चेहरा ओळखू येण्याइतका प्रकाश आहे का. एकाच भिंतीवरून येणारा प्रकाश इथे नेहमी हरतो. तो दोन दिशांनी यायला हवा.

तीन महिन्यांनी पुन्हा गेले. वीज वाचवायला अकरानंतर एकाआड एक खांब बंद ठेवायला सुरुवात झाली होती. साडेबावीसचं अंतर पंचेचाळीस झालं होतं आणि मधला अंधार पुन्हा होता तिथे आला होता. काकांच्या देखत मी चारही खांब चालू केले आणि सगळे दिवे निम्म्यावर आणले. वीज तेवढीच वाचली आणि गुणोत्तर हललं नाही. काका फाटकापर्यंत चालत जाऊन परत आले. हात कपाळावर गेला नव्हता.