सावलीत पिकणारी कॉफी

कॉफीच्या बागेत पाऊस किती पडला यापेक्षा तो केव्हा पडला, हे अधिक निर्णायक असते. चिकमगळूरच्या डोंगरउतारांवर अरेबिका कॉफी पिकवणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांच्या बागेत मी अनेकदा राहिलो आहे. तेथेच मला हे उमगले. हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत झाडाच्या कळ्या निद्रिस्त असतात. मार्चच्या सुमारास इंचभर पावसाची एक चांगली सर आली की त्या जाग्या होतात आणि आठ-दहा दिवसांत सारा उतार पांढऱ्या फुलांनी भरून जातो. हीच सर जानेवारीत कोसळली, तर मात्र अनर्थ होतो. फांद्यांवरची पिकली फळे तडकून गळतात, खळ्यावर वाळत घातलेल्या कॉफीला बुरशी लागते आणि अवेळी उमललेली फुले तोडणीच्या हातांनी झडून जातात. पुढील हंगामाचा काही भाग असा चालू हंगामातच नष्ट होतो.

उष्णतेचा आघात याहून सूक्ष्म आहे. अरेबिकाला सरासरी १८ ते २४ अंशांचे हवामान मानवते. त्याहून अधिक उन्हात फळ घाईने लाल होते. पण आतील बी भरण्यास अवधी मिळत नाही. स्नेह्यांच्या बागेतील एका पट्ट्यात पूर्वी मोठी झाडे तोडली गेली होती. तेथील फळे शेजारच्या सावलीतील फळांपेक्षा आधी लाल होत. दोन्हींकडची फळे त्यांनी वेगवेगळ्या हौदांत टाकली, तेव्हा उघड्या पट्ट्यातील कितीतरी अधिक फळे पाण्यावर तरंगू लागली. तरंगणारे फळ म्हणजे बहुधा पोकळ वा अपुरे भरलेले बी. त्याच्या पेयाला ना गोडवा, ना गंध.

फणस, पांगारा, सिल्व्हर ओक यांची सावली दुपारच्या उन्हाची धार बोथट करते. फळ सावकाश पिकते, बी टपोरे व घट्ट होते आणि चवीला आवश्यक असलेली शर्करा व आम्ले तयार होण्यास अवकाश मिळतो. अरेबिकाच्या खोडाला पोखरणारा भुंगेराही उन्हात तापलेल्या सालीवर अंडी घालणे पसंत करतो. सावलीमुळे त्याचा उपद्रव कमी होतो.

तथापि, सावली म्हणजे केवळ झाडे वाढू देणे नव्हे. ती दाट झाली तर फुलोरा घटतो आणि पावसाळ्यातील कोंदट ओलाव्याने पाने-फळे काळी पडून कुजतात. म्हणून मृगापूर्वी वरच्या फांद्या छाटून आकाश थोडे मोकळे करावे लागते. शिवाय, मार्चमधील चुकलेली सर कोणतेही झाड आणू शकत नाही; त्यासाठी तळ्यात साठवलेले पाणी तुषारांनी द्यावे लागते. बदलत्या ऋतूंपासून सावली बागेला पूर्णपणे वाचवू शकत नाही. ती फळाला पिकण्यापुरता वेळ मिळवून देते, आणि कॉफीची चव या वेळातच घडते.