रेनकोट गळतो की घाम येतो?

सिअॅटलच्या पावसाचं नाव मोठं, पण वर्षभरात इथे पडतो साधारण ३८ इंच. मुंबईत चार महिन्यांतच त्याच्या दुपटीहून जास्त कोसळतो. इथला पाऊस थंडीतला, बारीक आणि न थांबणारा. मात्र नोव्हेंबर-डिसेंबरात कधीकधी पॅसिफिकवरून बाष्पाचा लांबलचक पट्टा येतो, त्याला इथे ‘अॅटमॉस्फेरिक रिव्हर’ म्हणतात. तेव्हा दोन-तीन दिवस थेट कोकण आठवतं. अशा वाऱ्यात छत्री टिकत नाही, आणि मुलीला शाळेत पोचवायला वीस मिनिटं चालावं लागतं. म्हणून गेल्या सप्टेंबरात मी ऑनलाइन रेनकोट मागवला.

माप पाहताना नेहमीच्या कपड्यांचा साइझ धरला नाही. आत जाड स्वेटर घालून दोन्ही हात वर केले, पुढे केले, खाली वाकले. हात वर केल्यावर बाही मनगटावरून घसरली, तर पाणी थेट कोपरापर्यंत येतं. टोपी घालून मान वळवली, की टोपीही वळली पाहिजे. नाहीतर रस्ता ओलांडताना येणारी गाडी दिसतच नाही. नेहमीचा मीडियम इथे नापास झाला, लार्ज ठेवला.

कोटावर ‘१०,००० मिमी’ असा आकडा होता. याचा अर्थ कापडावर दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला, तरी तेवढ्या दाबापर्यंत ते पाणी आत सोडत नाही. पण हा आकडा कापडाचा, कोटाचा नव्हे. शिवणीत सुईची शेकडो भोकं असतात. कोट उलटा करून पाहिला, तर प्रत्येक शिवणीवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली होती. चेनवर बाहेरून कापडाची झडपही होती. ही पट्टी नसेल, तर आकडा कितीही मोठा असो, उपयोग नाही.

डिसेंबरातल्या मुसळधार पावसात चाळीस मिनिटं चालून घरी आले, तर खांद्यांवर, पाठपिशवीच्या पट्ट्यांखाली, आतून ओल. कोट गळला, असंच कुणीही म्हणेल. पण खात्री करायची सोपी रीत आहे. कोट वाळवून खांद्याचा भाग एका पातेल्यावर झोळीसारखा सैल बसवला, त्यात दोन वाट्या पाणी ओतलं आणि खाली टिश्यू पेपर ठेवला. तासाभराने पेपर कोरडाच! म्हणजे ओल बाहेरची नव्हती, माझ्याच घामाची होती.

असं का होतं? कोटाच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो, तो पाणी अडवतो पण वाफ बाहेर जाऊ देतो. बाहेरच्या कापडावर पाणी निथळवणारं वेगळं लेपन असतं. ते नवं असताना पाण्याचे मोती होऊन ओघळतात. पट्ट्यांच्या घर्षणाने, मळाने, अंगाच्या तेलकटपणाने ते निकामी झालं, की वरचं कापड पाणी पिऊन गडद दिसू लागतं. मग वाफेची वाट बंद होते, थंड कापडाला आतून दव धरतं. गडद डाग हीच त्याची खूण. कोट सौम्य साबणाने, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता धुतला, दोनदा खळबळला आणि लेबल पाहून ड्रायरमध्ये मंद आचेवर वीस मिनिटं फिरवला. उष्णतेने लेपन पुन्हा कामाला लागतं. मोती परत आले. पट्ट्यांखालच्या जागी मात्र कमी आले. तिथे वरून लेपनाचा स्प्रे मारावा लागला.

तसलाच कोट मी रत्नागिरीला सासूबाईंना पाठवला होता. जुलैत त्यांचा फोन आला, “अगं, तुझा अमेरिकेचा कोट आतून भिजतो!” तो गळत नव्हता. वाफ बाहेर पडायला आत-बाहेर फरक लागतो; आत गरम आणि दमट, बाहेर थंड. जुलैच्या कोकणात बाहेरही तितकंच दमट, मग वाफ जाणार कुठे? तिथे सैलसर, काखेत हवेला वाट ठेवणारा कोट किंवा आपली जुनी घोंगती टोपी जास्त कामाची. शिवाय हा पॉलियुरेथेनचा थर दमट कपाटात घडी घालून ठेवला, तर काही वर्षांत चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. ते मात्र धुऊन परत येत नाही. म्हणून पावसाळा संपला, की तो धुऊन, पूर्ण वाळवून हँगरवर टांगायचा, हे त्यांना सांगितलं.

एकूण निकाल असा: थंडीतल्या पावसासाठी कोट उत्तम, माप चांगलं, शिवणी पक्क्या. कोकणासाठी पाठवू नये. आणि झोळीची परीक्षा परत करण्याची मुदत संपण्याआधी घ्यावी, लेबल काढण्यापूर्वी.